किरण आला, आली की आलं? नॉनबायनरी व्यक्तीबद्दल मराठीत बोलताना

प्रश्न: माझं चुलत भावंड 22 वर्षांचं आहे. या दिवाळीत घरी सांगितलं, 'मी मुलगाही नाही, मुलगीही नाही, नॉनबायनरी आहे.' इंग्रजीत 'दे-देम' वापरतात हे माहीत आहे. पण मराठीत काय? 'तो' नको, 'ती' नको, आणि 'ते' म्हटलं तर टेबलाबद्दल बोलल्यासारखं वाटतं. आजी विचारते, 'मग आता मी बोलू तरी कसं?' मराठीत हे मुळात जमण्यासारखं आहे का?

उत्तर: माझं काम भाषांतराचं आणि संपादनाचं. मुलाखती, आरोग्याच्या पुस्तिका, सबटायटल्स यांची मराठी तपासून देणं हे गेली वीसेक वर्षं चालू आहे, आणि अलीकडे हा प्रश्न वरचेवर माझ्या टेबलावर येतो. आधी एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत सर्वनाम हा या दुखण्याचा लहान भाग आहे. खरं दुखणं क्रियापदात आहे, आणि तेही तुमच्या बोलण्यापेक्षा तुमच्या भावंडाच्या स्वतःच्या बोलण्यात जास्त.

इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल बोलताना 'आय' म्हणतो आणि सुटतो. 'ही', 'शी' की 'दे' हा प्रश्न त्याच्याबद्दल इतर कोणी बोलायला लागलं की येतो. मराठीत तसं नाही. 'मी जातो' की 'मी जाते', 'मी आलो' की 'मी आले', हे प्रत्येक वेळी तोंड उघडताना स्वतःच ठरवावं लागतं. सकाळी 'मी उठलो' म्हणण्यापासून रात्री 'मी झोपते' म्हणण्यापर्यंत दिवसातून शंभरदा. म्हणजे तुमच्या भावंडाने यावर काही ना काही तोडगा आधीच काढलेला असणार. म्हणून पहिलं काम नवीन शब्द शोधण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. 'मी'च्या पुढे काय येतं ते दोन दिवस नीट ऐका. मग विचारा. विचारतानाही गंमत बघा: 'तू स्वतःबद्दल कसं बोलतोस?' असा प्रश्न विचारला की उत्तर मिळायच्या आधीच तुम्ही एक उत्तर देऊन मोकळे. 'स्वतःबद्दल बोलताना तुला कोणतं रूप बरं वाटतं?' असं विचारलं की तो फास बसत नाही.

उत्तर काय येईल हे मी सांगू शकत नाही, कारण ते खरोखर व्यक्तीवर अवलंबून आहे. माझ्याकडे आलेल्या मुलाखतींत काही जण 'जातो' आणि 'जाते' मुद्दाम आलटूनपालटून वापरतात. काही जण वाढताना अंगवळणी पडलेलं रूपच ठेवतात आणि म्हणतात, ही माझी मराठीची सवय आहे, माझी ओळख नाही. काही जण बरोबर उलट रूप घेतात, कारण जुनं रूप टोचतं. काहींना नपुंसकलिंगी 'ते आलं' आवडतं. आणि बऱ्याच जणांना आपण असं बोलायला हवं असतं की लिंग कळायचा प्रश्नच येऊ नये. पहिल्या तीन प्रकारांत तुमचं काम सोपं आहे, सांगतील तसं बोलायचं. शेवटचे दोन जरा सविस्तर बघण्यासारखे आहेत.

'ते आलं' आधी घेऊ. टेबलाची आठवण येते हे खरं, पण घरात कान देऊन ऐका. तुम्ही स्वतःच प्रश्नात 'माझं भावंड' लिहिलं आहे. आजीच्या तोंडी 'नातवंड' असेल, 'लेकरू' असेल, 'पोर' असेल. हे सगळे शब्द नपुंसकलिंगी आहेत, त्यात वस्तूपणा नाही, माया आहे. 'लेकरू दमून आलं गं' हे कुठली आजी म्हणत नाही? गोव्यात तर लहान वयाच्या मुलीबद्दल 'तें आयलें' असंच म्हणतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हणजे माणसासाठी नपुंसकलिंग मराठी-कोंकणीला अजिबात परकं नाही.

अडचण दुसरीकडे आहे. हे नपुंसकलिंग लहानांसाठी प्रेमाचं आणि मोठ्यांसाठी बहुधा तुच्छतेचं असतं. 'लेकरू आलं' गोड, पण 'ते म्हातारं आलं' ही शिवीच. बावीस वर्षांची व्यक्ती या दोहोंच्या मधे उभी आहे. घरात 'आमचं किरण आलं' (उदाहरणासाठी किरण हे नाव घेऊ, दोन्हीकडे चालतं) छान वाटेल, पण तेच वाक्य ऑफिसात वरिष्ठाने वापरलं तर किरणला लहान केल्यासारखं होईल. शिवाय 'नपुंसक' या शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. व्याकरणातल्या त्या नावाचा ओरखडा ज्यांच्या अंगावर आयुष्यभर उमटला आहे, त्यांना 'ते' सुचवताना जपून. तिसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: नपुंसकलिंग फक्त पहिल्या पावलापुरतं वेगळं आहे. 'ते आलं' म्हटलं, पण पुढच्याच वाक्यात 'त्याला पाणी दे', 'त्याने सांगितलं', 'त्याचं दप्तर'. विभक्ती लागली की नपुंसकलिंगाचं रूप पुल्लिंगासारखंच होतं. ज्यांना 'तो' नको म्हणून 'ते' हवं असतं, त्यांच्या कानाला अर्धं संभाषण पुल्लिंगीच ऐकू येतं.

आता इंग्रजीवरून उचललेला मार्ग. 'दे' म्हणजे अनेकवचन, म्हणून मराठीत आदरार्थी 'ते आले'. हा सगळ्यात आधी सुचतो आणि सगळ्यात जास्त फसतो. एका मुलाखतीत मी सगळीकडे हेच रूप ठेवलं होतं. छापून आल्यावर एका वाचकाने फोन करून विचारलं, 'ते आले म्हणजे नक्की किती जण आले?' दुसऱ्या वाचकाने मुलाखत देणारी व्यक्ती साठीतले गृहस्थ आहेत असं धरून चाललं होतं. दोघांचंही चुकलं नव्हतं. मराठीतलं आदरार्थी अनेकवचन लिंग लपवत नाही. 'ते आले' पुरुषाचं आणि 'त्या आल्या' बाईचं. इंग्रजी 'दे'सारखी मोकळीक इथे नाही.

लिहिताना याला आणखी एक पेच पडतो. पूर्वी नपुंसकलिंगी एकवचन 'तें आलें' असं अनुस्वार देऊन लिहीत आणि पुरुषांचं अनेकवचन 'ते आले' असं बिनअनुस्वाराचं. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि औपचारिक लेखनात ही दोन्ही रूपं दिसायला एक झाली. बोलण्यात 'आलं' आणि 'आले' वेगळे ऐकू येतात, छापील वाक्यात कळत नाही. म्हणून ज्यांनी नपुंसकलिंग स्वतः निवडलं आहे त्यांच्याबद्दल लिहिताना मी 'आलं, गेलं, म्हणालं' असंच, बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा आग्रह धरते-धरतो (हे मुद्दाम!) आणि मुद्रितशोधकाला तशी चिठ्ठी जोडून देणं ही माझी सवय आहे. नाहीतर ते बिचारे 'आलं'चं 'आले' करून टाकतात.

राहिला शेवटचा मार्ग: लिंग कळूच न देता बोलणं. लोकांना वाटतं मराठीत हे अशक्य. प्रत्यक्षात मराठीचा बराच मोठा भाग याबाबत आधीच गप्प आहे, आपलं लक्ष नसतं एवढंच. भविष्यकाळ घ्या: 'मी येईन', 'तू येशील', 'किरण येईल'. लिंग नाही. हिंदीत इथेही 'आऊंगा-आऊंगी' करावं लागतं. 'मी येणार आहे', 'मी येत आहे' यांतही नाही. आणि गंमत म्हणजे नकार दिला की लिंग गळून पडतं: 'मी येतो' किंवा 'मी येते', पण 'मी येत नाही' सगळ्यांचं सारखंच. 'मला वाटतं, मला हवं आहे, मला जायचं आहे' यांत तर मी कर्त्याच्या जागेवर नसतोच, म्हणून क्रियापदाला माझ्याशी देणंघेणं नाही.

भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माकडे बघतं. 'किरणने चहा केला, किरणने भाजी केली, किरणने पोहे केले.' चहा पुल्लिंगी, भाजी स्त्रीलिंगी, किरणचा पत्ताच नाही. विभक्ती लागलेलं विशेषनाम काहीच सांगत नाही: किरणने, किरणला, किरणचं, किरणकडे. आदरार्थी बोलायचं असेल तर 'त्यांनी, त्यांना, त्यांचं' हीदेखील दोघांना सारखीच. अडतं ते फक्त सुट्या 'ते' किंवा 'त्या'पाशी, तिथे नाव घ्यायचं. 'किरण येतात', 'किरण येणार आहेत', 'त्यांना विचारा', 'त्यांनी सांगितलं'. मोठ्या व्यक्तीबद्दल किंवा कामाच्या ठिकाणी हीच पद्धत मला सगळ्यात टिकाऊ वाटते, कारण ऐकणाऱ्याला काही वेगळं चाललंय हे जाणवतही नाही.

मग लिंग उरतं कुठे? तीन जागी. एकवचनी साध्या वर्तमानकाळात (जातो, जाते), आकारान्त विशेषणांत (दमलेला, चांगली, एकटा), आणि अकर्मक भूतकाळात. पहिलं 'जात आहे'ने सुटतं. दुसऱ्यासाठी हुशार, आनंदी, नाराज, तयार अशी न बदलणारी विशेषणं पुष्कळ आहेत. तिसरं मात्र चिवट आहे, कारण तिथे रोजची क्रियापदं बसली आहेत: येणं, जाणं, बसणं, उठणं, झोपणं, असणं. आणि त्यांच्याच पंगतीला बोलणं, म्हणणं, विसरणं, भेटणं, जेवणं. या दहा-अकरा शब्दांवर मेहनत घेतली की उरलेलं आपोआप जमतं.

एक परिच्छेद करून बघू. समजा मूळ मजकूर असा आहे: 'किरण काल रात्री मुंबईहून आली. खूप दमली होती. जेवली आणि लगेच झोपली. सकाळी उठल्यावर म्हणाली, मी चार्जर विसरले. मग दुपारी मैत्रिणीला भेटायला गेली.' पाच वाक्यांत सात स्त्रीलिंगी क्रियापदं. एकेक सोडवत जाऊ. 'म्हणाली'चं 'सांगितलं' सगळ्यात सोपं, कारण सांगणं सकर्मक आहे. 'विसरले'चं 'चार्जर राहिला'. 'जेवली'चं 'जेवण झालं'. 'झोपली'चं 'झोप लागली'. 'दमली होती'चं 'प्रवासाचा शीण होता'. 'भेटायला गेली'चं 'भेट घेतली'. पहिलं 'आली' सगळ्यात अवघड, तिथे कर्ताच बदलावा लागतो. मग होतं असं: 'काल रात्री किरणची गाडी मुंबईहून पोहोचली. प्रवासाचा शीण फार होता, जेवण झाल्या झाल्या झोप लागली. सकाळी जाग आल्यावर किरणने सांगितलं, माझा चार्जर मुंबईतच राहिला. मग दुपारी एका मैत्रिणीची भेट घेतली.'

वाचून बघा, कुठे खटकतं का? मला फक्त शेवटचं वाक्य जरा औपचारिक वाटतं, घरी कुणी 'भेट घेतली' म्हणत नाही, भेट मंत्र्यांची घेतात. 'मैत्रिणीकडे चक्कर मारली' हे बरं. खटकण्याची खूण हीच: एकामागून एक चार-पाच वाक्यं 'किरणला, किरणला' अशी यायला लागली, किंवा 'किरणचं आगमन झालं'सारखं आमंत्रणपत्रिकेतलं मराठी घुसलं, की समजावं आपण मजकूर वळवत नाही, मोडत आहोत. तिथे थांबून सरळ दुसरं वाक्य रचावं.

जाता जाता, मघाशी 'धरते-धरतो' असं एकदा मुद्दाम केलं, आणि 'मी कर्त्याच्या जागेवर नसतोच' हे व्याकरणातल्या 'मी'बद्दल होतं. या दोन जागा सोडल्या तर या उत्तरात मी स्वतःबद्दल एकही पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी क्रियापद लिहिलेलं नाही. तुम्हाला जाणवलं असेल असं वाटत नाही.

आडवळणाने बोलणं मराठीला नवीन नाहीच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या रीतीपायी आपल्या पणज्यांनी अख्खं व्याकरण वळवून घेतलं होतं. 'इकडून येणं कधी झालं?', 'इकडून जेवण झालं का?' नाव नाही, सर्वनाम नाही, आणि क्रियापद 'येणं' या शब्दाशी जुळलेलं. 'स्वारी कुठे निघाली?' म्हटलं की मिशीवाला नवरा स्त्रीलिंगी होई आणि कुणालाच काही वाटत नसे, कारण क्रियापद 'स्वारी'च्या लिंगाने चालतं, स्वाराच्या नाही. आजही 'ती व्यक्ती आली' हे पुरुषाबद्दलही बिनदिक्कत लिहितो आपण. ती रीत बाईच्या वाट्याला आलेल्या बंधनातून आली, तिचं कौतुक मला नाही. पण हत्यार तयार आहे, ते वापरायला हरकत नाही.

आणि 'जातो' ऐकलं की पुरुष, हेही सगळीकडे खरं नाही. कोल्हापूरकडे बायका सर्रास 'मी येतो' म्हणतात. मालवणीत 'मी येतंय' बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत जी रेघ ठळक दिसते ती बोलींत बऱ्याच ठिकाणी पुसट आहे. तुमचं घर मूळचं अशा भागातलं असेल तर तुमच्या भावंडाला तिकडचं रूप जवळचं वाटूही शकेल. विचारून बघा.

नवीन प्रत्यय घडवण्याबद्दलही विचारणा होते. हिब्रूत तसं केलं गेलं आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लिओर ग्रॉस आणि इयाल रिव्हलिन यांनी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी प्रत्ययांच्या जोडीला 'ए' असा तिसरा प्रत्यय मांडला. पण हिब्रूत लिंगं दोनच, आणि समोरच्याला 'तू' म्हणतानाही लिंग सांगावं लागतं, सुटायला वाटा कमी. मराठीत तिसरं लिंग आधीपासून आहे आणि बिनलिंगी वाटाही भरपूर. त्यामुळे 'मी आलूं'सारखं काही नवं घडवण्याची घाई मला दिसत नाही. तुमच्या भावंडाच्या मित्रमंडळींत असं काही रूढ झालं असेल तर मात्र तेच वापरा.

एक जागा खरंच रिकामी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: हाक. धाकट्या भावंडांनी 'दादा' म्हणायचं की 'ताई', याला मराठीत तिसरा शब्द नाही. मामा-मावशी, काका-आत्या यांचंही तेच, आणि उद्या तुमच्या मुलांपुढे हा प्रश्न येणार. माझ्या ओळखीच्या एका घरात लहानपणीचं लाडाचं नावच सगळ्या पोरांनी हाकेसाठी घेतलं, आणि ते बसलं.

आता आजी. त्यांना हे वरचं काही सांगू नका. तुमच्या भावंडाला चालत असेल तर 'माझं नातवंड' आणि 'लेकरू' हे जसं आहे तसं राहू द्या, आजीच्या तोंडी ते शोभतं. फोनवरची मात्र दोन वाक्यं बदलायला लावा. 'कसा आहेस' किंवा 'कशी आहेस' याऐवजी 'बरं आहे ना?', आणि 'जेवलास का' किंवा 'जेवलीस का' याऐवजी 'जेवण झालं का?' दुसरं तर त्या बहुतेक आत्ताही तसंच विचारत असतील.